पॅकिंग छापण्यापूर्वी ब्रँडच्या नावाची पडताळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाव ठरले आहे, लेबलाचे आर्टवर्क तयार होत आले आहे, पण छपाईची ऑर्डर अजून गेलेली नाही, अशा टप्प्यावर असलेल्या लहान खाद्यउत्पादकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. बहुतेक उत्तरांत एकच कल्पित उदाहरण घेतले आहे: फळांचा जॅम आणि बाटलीबंद सॉस 'नवपर्ण' या नावाने विकू पाहणारा उत्पादक. हे नाव आणि त्याच्या शोधात सापडलेली म्हणून पुढे दिलेली इतर नावे केवळ समजावून सांगण्यासाठी आहेत. ट्रेडमार्कचे कायदे प्रत्येक देशाचे वेगळे असल्यामुळे येथे सगळीकडे साधारण सारखे असलेले तेवढेच सांगितले आहे.

अर्ज केल्यावर ट्रेडमार्क कार्यालय तपासणी करतेच. मग ती आपण आधी का करायची?

कार्यालयाची तपासणी पूर्ण व्हायला बहुतेक ठिकाणी काही महिने लागतात आणि तोवर माल दुकानात पोहोचलेला असतो, हे पहिले कारण. दुसरे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक कार्यालय जुन्या मिळत्याजुळत्या नावावरून अर्ज स्वतःहून फेटाळतेच असे नाही. युरोपीय संघाचे कार्यालय नाव मुळात नोंदणीयोग्य आहे का एवढेच पाहते. ते आधीच्या कोणाच्या नावाशी जुळते का, हा मुद्दा त्या आधीच्या मालकाने हरकत घेऊन उपस्थित करायचा असतो. म्हणजे अर्ज पुढे सरकला याचा अर्थ कोणाची तक्रार नाही असा होत नाही. तक्रार करणाऱ्याच्या नजरेस तो अजून पडला नाही, एवढाच असू शकतो.

छपाईचे स्वरूपही यात महत्त्वाचे आहे. कागदी लेबलांचा एखादा रोल वाया गेला तर नुकसान सोसता येते. लॅमिनेटच्या छापील पाउचसाठी मात्र ग्रॅव्हुअर पद्धतीत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरून घ्यावा लागतो आणि छापखाना ठरावीक प्रमाणाखालची ऑर्डर घेत नाही. ब्रँडचे नाव सहसा दोन-तीन रंगांत, सावली आणि किनारीसह छापलेले असते, त्यामुळे नाव बदलले की तेवढे सिलिंडर पुन्हा कोरावे लागतात. शिवाय उरलेले पाउच, भरून ठेवलेला माल, दुकानांतून परत आणावा लागणारा माल आणि नव्या नावाने पुन्हा करावी लागणारी परवान्यांची कागदपत्रे, हा खर्च नोटीस आल्यानंतरच डोळ्यांसमोर येतो.

नेमके तेच नाव कोणाचे नसेल, तर तेवढे पुरेसे नाही का?

नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात. उत्पादक आपले नाव जसेच्या तसे शोधपेटीत टाकतो, शून्य निकाल येतात आणि तो निश्चिंत होतो. कायद्याचा प्रश्न मात्र वेगळा असतो: सामान्य ग्राहकाचा गोंधळ होण्याची शक्यता आहे का? हा ग्राहक दोन बाटल्या शेजारी ठेवून अक्षरे ताडून पाहत नाही. त्याला आधीचे नाव अर्धवट आठवत असते आणि त्या अर्धवट आठवणीवर तो समोरची बाटली उचलतो. रोजच्या वापराच्या, कमी किमतीच्या खाद्यपदार्थांच्या बाबतीत तो आणखी कमी लक्ष देतो, म्हणून या क्षेत्रात थोडे साम्यही महागात पडू शकते.

साम्य तीन बाजूंनी पाहिले जाते: नाव दिसते कसे, ऐकू येते कसे आणि त्याचा अर्थ काय. तिन्ही बाजूंनी साम्य असलेच पाहिजे असे नाही. पुष्कळदा एकच बाजू पुरते, विशेषतः जी वस्तू तोंडी मागितली जाते तिच्या बाबतीत उच्चाराची. त्याशिवाय नावातील साम्य आणि मालातील साम्य ही एकमेकांना पूरक ठरतात. युरोपीय न्यायालयाने 1998 मध्ये कॅनन या नावावरील खटल्यात हे तत्त्व स्पष्टपणे मांडले: नावे फार जवळची असतील तर माल थोडा दूरचा असला तरी गोंधळ मानता येतो आणि माल अगदी एकच असेल तर नावांत कमी साम्य असले तरी गोंधळ मानता येतो. जॅम बनवणाऱ्याने दुसऱ्या जॅमवाल्याच्या नावापासून जितके अंतर ठेवायला हवे, तितके चपला बनवणाऱ्याच्या नावापासून ठेवण्याची गरज नसते.

शोध कोणत्या वर्गात घ्यायचा?

जगातील बहुतेक कार्यालये नीस वर्गीकरण वापरतात. त्यात एकूण 45 वर्ग आहेत; पहिले 34 वस्तूंचे आणि उरलेले 11 सेवांचे. खाद्यपदार्थ प्रामुख्याने वर्ग 29 आणि 30 मध्ये येतात, पण त्यांची विभागणी स्वयंपाकघराच्या तर्काने झालेली नाही. जॅम, लोणची, सुकवलेली किंवा टिकवलेली फळे आणि भाज्या, खाद्यतेल, दुग्धजन्य पदार्थ आणि बटाट्याचे वेफर्स वर्ग 29 मध्ये आहेत. सॉस, मसाले, मध, चहा, कॉफी, पीठ, बिस्किटे आणि धान्यापासून बनवलेले खाऊचे पदार्थ वर्ग 30 मध्ये. ताजी फळे आणि कच्चे धान्य वर्ग 31 मध्ये, तर फळांचे रस आणि सरबताचे सिरप वर्ग 32 मध्ये. आपल्या उदाहरणातील उत्पादकाचा जॅम एका वर्गात आणि सॉस दुसऱ्या वर्गात पडतो. त्याच फळांचे सिरप त्याने पुढे काढले तर तिसरा वर्ग लागेल.

मात्र वर्ग म्हणजे भिंत नव्हे. ती कार्यालयाच्या कामकाजाची सोय आहे. एकाच वर्गातील दोन वस्तू एकमेकींशी असंबद्ध असू शकतात आणि वेगवेगळ्या वर्गांतील दोन वस्तू, उदाहरणार्थ जॅम आणि मध, एकाच फळीवर शेजारी विकल्या जात असल्यामुळे सारख्या मानल्या जाऊ शकतात. म्हणून खाद्यउत्पादकाने 29, 30, 31 आणि 32 हे चारही वर्ग एकत्र पाहावेत आणि त्यांच्या जोडीला वर्ग 35 (किरकोळ विक्रीची सेवा) व वर्ग 43 (उपाहारगृहे) यांवरून नजर फिरवावी. त्याच नावाच्या उपाहारगृहाने उद्या स्वतःचे सॉस बाटलीत भरून विकायला घेतले, तर ग्राहकाला ते अगदी स्वाभाविक वाटेल आणि न्यायाधीशालाही.

शोध कुठे घ्यायचा?

ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. म्हणून माल जिथे विकायचा त्या देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाचा ऑनलाइन डेटाबेस हे पहिले ठिकाण. तो बहुधा मोफत असतो. त्यानंतर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा Global Brand Database (`branddb.wipo.int`) पाहावा, कारण त्यात अनेक देशांच्या नोंदी आणि एकाच अर्जातून अनेक देशांत संरक्षण मागण्याच्या माद्रिद पद्धतीने झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदण्या एकत्र सापडतात. युरोपीय संघाच्या कार्यालयाच्या पुढाकाराने चालणारे TMview हे असेच दुसरे साधन. ही एकत्रित साधने सोयीची असली तरी त्यांत प्रत्येक देशाचा डेटा असेलच किंवा ताजा असेलच याची खात्री नसते. त्यामुळे ती मूळ कार्यालयाच्या शोधाला जोड म्हणून वापरावीत, त्याच्या जागी नव्हे.

प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा? एखादे उदाहरण द्या.

'नवपर्ण' घेऊ. शोधाला बसण्यापूर्वी नाव फोडून पाहावे लागते आणि माझ्या मते पूर्ण पडताळणीतील हे सर्वांत मोलाचे काम आहे. या नावात 'नव' आणि 'पर्ण' असे दोन भाग आहेत. 'नव' म्हणजे नवे. मालाच्या जाहिरातीत हा शब्द कोणीही वापरतो, म्हणून ग्राहकाच्या मनात तो ओळख म्हणून ठसत नाही. ओळखीचा सगळा भार 'पर्ण' वर येतो. याचा परिणाम असा की फक्त 'नवपर्ण' शोधून उपयोग नाही. 'पर्ण' असलेली सगळी खाद्यचिन्हे, म्हणजे खाद्यपदार्थांचे ट्रेडमार्क, पाहावी लागतील.

पुढची पायरी लिपीची. रजिस्टरमध्ये एकच नाव देवनागरीत, रोमन लिपीत किंवा केवळ चित्र म्हणून नोंदलेले असू शकते आणि रोमन लिपीत आपल्या शब्दांची अक्षरे प्रत्येक जण आपल्या मनाने जुळवतो. शेवटचा अ लिहायचा की नाही, मधला अ दाखवायचा की नाही, v की w, हे आधी ठरवून सगळे पर्याय कागदावर उतरवावेत. तारांकन, म्हणजे 'इथे काहीही चालेल' हे सांगणारे चिन्ह, बहुतेक डेटाबेसना समजते. या नावासाठी किमान एवढ्या पेट्या तरी भराव्या लागतील:

```
NAVPARN*
NAVAPARN*
NAWPARN*
PARN*
*PARN*
*PURNA*
```

शेवटची ओळ 'पूर्ण' या शब्दाचे पुष्कळ निकाल आणेल आणि त्यांतील बरेचसे निरुपयोगी असतील. तरीही ती टाळू नये, कारण 'पर्ण' हा उच्चार रोमन अक्षरांत तसाही लिहिला जातो. डेटाबेसमध्ये उच्चारानुसार शोधण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी, पण तिच्यावरच विसंबू नये. अशा सोयी अनेकदा इंग्रजी उच्चारांच्या नियमांवर बेतलेल्या असतात आणि ण, ळ किंवा महाप्राण व्यंजने यांचा त्यांना अंदाज येत नाही. त्यानंतर तोच शोध देवनागरीत घ्यावा.

तिसरी पायरी अर्थाची. 'नवपर्ण' म्हणजे नवे पान. तेव्हा बाजारात समजल्या जाणाऱ्या इतर भाषांत त्या अर्थाची नावे शोधावीत: `NEW LEAF`, `NEWLEAF`, `FRESH LEAF`, 'नवपल्लव', 'नवी पालवी'. दोन्ही भाषा जाणणारा ग्राहक एका नावावरून दुसऱ्यावर सहज उडी मारतो, म्हणून अनेक देशांत अर्थातील साम्यही विचारात घेतले जाते.

प्रत्येक शोध आधी वर्गांच्या मर्यादेत घ्यावा आणि मुख्य शब्दाचा निदान एक शोध सर्व वर्गांत घ्यावा. एखादे अतिप्रसिद्ध नाव भलत्याच वर्गात नोंदलेले असेल तर ते तेव्हाच दिसते. प्रसिद्ध चिन्हांना पुष्कळ देशांत त्यांच्या मूळ मालापलीकडेही संरक्षण मिळते.

पानाचे चित्रही वापरणार आहोत. चित्राचा शोध घेता येतो का?

घेता येतो. चित्रात्मक भागांसाठी 1973 च्या व्हिएन्ना करारावर आधारलेले वेगळे वर्गीकरण आहे. वनस्पती त्याच्या पाचव्या गटात येतात आणि पाने व पानांसहित फांद्या 5.3 या विभागात. तो क्रमांक आणि खाद्यपदार्थांचे वर्ग एकत्र टाकून शोध घेतला की पानाच्या चिन्हांची लांबलचक यादी येईल. वर सांगितलेल्या दोन्ही एकत्रित डेटाबेसमध्ये स्वतःचे चित्र चढवून मिळतीजुळती चित्रे पाहण्याचीही सोय आहे.

यादी लांब असणे ही येथे काहीशी दिलाशाची गोष्ट असते. खाद्यपदार्थांवर पानाचे चित्र असंख्य मालकांचे असल्यामुळे नुसत्या पानावर कोणा एकाचा मोठा हक्क पोहोचत नाही. तरीही पानाची वळणे, रंग आणि नावाशी असलेली मांडणी एखाद्या विशिष्ट चिन्हासारखी झाली असेल तर ती बदलून घ्यावी. डिझायनरने 'संदर्भ' म्हणून समोर काय ठेवले होते, हे त्याला थेट विचारलेले बरे.

निकालांत 'मुदत संपली' किंवा 'प्रलंबित' असे दिसते. असे निकाल सोडून द्यायचे का?

प्रलंबित अर्ज कधीही सोडू नये. त्याची तारीख आपल्या आधीची असल्यामुळे उद्या तो मंजूर झाला तर हक्क त्या तारखेपासूनचा मानला जातो. हरकतीत अडकलेला अर्ज तर मुद्दाम उघडून वाचावा. हरकत कोणी घेतली हे पाहिले की त्या शब्दाचे रक्षण डोळ्यांत तेल घालून कोण करते ते कळते. उद्या आपल्याला पत्र पाठवणारा बहुधा तोच असतो.

मुदत संपलेल्या नोंदणीबाबत थोडे थांबावे. औद्योगिक संपदेच्या संरक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय पॅरिस करारानुसार नूतनीकरणाचे शुल्क भरण्यासाठी मुदतीनंतर किमान सहा महिन्यांची सवलत द्यावी लागते आणि त्यानंतरही काही देशांत नोंदणी पुन्हा जिवंत करता येते. शिवाय नोंदणी खरोखर मेली असली तरी मालक त्या नावाने अजून विकत असेल, तर वापरातून आलेला हक्क अनेक देशांत शिल्लक राहतो. म्हणून अशी नोंद दिसली की बाजारात तो माल आहे का, हे पाहावे. 'नाकारला' असा शेरा असेल तर कारण वाचावे. ज्या जुन्या चिन्हामुळे तो अर्ज नाकारला गेला, ते चिन्ह आपल्या वाटेतही येऊ शकते.

कितपत साम्य म्हणजे जास्त? ठरवायचे कसे?

समजा 'नवपर्ण' च्या शोधात पाच नावे उरली. पहिले, बिस्किटांसाठी नोंदलेले 'नवपर्णा'. येथे चर्चेला जागाच नाही. केवळ शेवटच्या स्वराचा फरक आहे आणि माल त्याच फळीवरचा आहे. दुसरे, खतांसाठी नोंदलेले 'सुपर्ण'. माल दूरचा, सुरुवात वेगळी आणि 'सुपर्ण' हा स्वतःचा अर्थ असलेला अखंड शब्द; हे बाजूला ठेवता येईल. तिसरे, पुस्तक प्रकाशनासाठी 'नवपर्व'. दिसायला एका अक्षराचा फरक असला तरी माल इतका वेगळा आहे की धोका नगण्य आहे. हेच नाव वर्ग 29 मध्ये असते तर उत्तर उलटे झाले असते. चौथे, चहासाठी `NEW LEAF`. रूप आणि उच्चार दोन्ही निराळे, केवळ अर्थ समान. हे मधल्या पट्ट्यातले प्रकरण आहे आणि यावर जाणकाराचे मत घेण्याइतकी शंका नक्कीच आहे.

पाचवे नाव सर्वांत अवघड: सुकवलेल्या फळांसाठी नोंदलेले नुसते 'पर्ण'. वरवर पाहता 'पर्ण' दोन अक्षरी आणि 'नवपर्ण' चार अक्षरी, म्हणजे लांबीत दुप्पट फरक. उत्पादक इथेच फसतो. आपल्या नावात आधीचे चिन्ह जसेच्या तसे सामावलेले आहे आणि त्याला जोडलेला भाग 'नव' आहे. ग्राहक ते 'पर्णवाल्यांचा नवा माल' असे वाचू शकतो. म्हणजे जोडलेल्या शब्दाने अंतर वाढण्याऐवजी नाते सुचवले जाते. 'नव', 'शुद्ध', 'गोल्ड', 'स्पेशल' यांसारखे शब्द जुन्या नावाला जोडून वेगळेपण येत नाही, ते याच कारणाने. सुकवलेली फळे आणि जॅम हे दोन्ही वर्ग 29 मधील, एकाच कच्च्या मालाचे आणि बहुधा एकाच ग्राहकाचे. माझे मत विचाराल तर मी या टप्प्यावर नाव सोडून देईन.

विरुद्ध बाजूनेही पाहिले पाहिजे. शोधात 'पर्ण' असलेली वेगवेगळ्या मालकांची वीस-पंचवीस खाद्यचिन्हे आढळली असती आणि ती बाजारात शांतपणे एकत्र नांदत असती, तर त्या शब्दाची ओळख पटवण्याची ताकद कमी आहे असा युक्तिवाद करता आला असता. पण ती चिन्हे खरोखर वापरात आहेत हे दाखवावे लागते. रजिस्टरमधील नुसत्या नोंदी मोजून चालत नाही.

नावाच्या आधी आपल्या संस्थेचे नाव जोडले तर अडचण सुटते का?

काही वेळा सुटते, पण तसे गृहीत धरू नये. पॅकवर 'नवपर्ण' मोठ्या अक्षरांत आणि संस्थेचे नाव खाली बारीक छापलेले असेल, तर ग्राहक जे मोठे आहे तेच लक्षात ठेवतो. शिवाय आधीच्या मालकाला उलट अशी तक्रार करता येते की माझे नाव घेऊन त्यावर आपली पाटी लावली.

कंपनीचे नाव मंजूर झाले आहे आणि डोमेनही मिळाले आहे. तेवढे पुरे नाही का?

पुरे नाही. कंपनी नोंदणी कार्यालय मुख्यतः इतर कंपन्यांची नावे ताडते आणि डोमेन विकणारा तर काहीच ताडत नाही. समाजमाध्यमांवरील खात्याचेही तसेच.

नोंदणी न केलेल्या नावांचा शोध कसा घ्यायचा?

काही देशांत हक्क मुख्यतः पहिल्या नोंदणीने मिळतो. इतर अनेक देशांत मात्र नोंदणीशिवाय केवळ आधीच्या वापरातून आणि बाजारातील नावलौकिकातूनही दुसऱ्याला रोखता येते. लहान खाद्यउत्पादक मोठ्या संख्येने नोंदणीविनाच विकत असतात, म्हणून रजिस्टर कोरे आढळले तरी बाजार पाहावाच लागतो.

सर्च इंजिनमध्ये नाव आणि मालाचा प्रकार एकत्र टाकून पाहावे, वर तयार केलेल्या सगळ्या स्पेलिंगांसह. ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर खाद्यपदार्थांच्या विभागात जाऊन तोच शोध घ्यावा आणि चित्रे नजरेखालून घालावीत, कारण अनेक विक्रेते ब्रँडचे नाव शीर्षकात न लिहिता फक्त पॅकवर दाखवतात. नकाशाच्या ॲपमध्ये त्या नावाची उपाहारगृहे आणि बेकऱ्या शोधाव्यात. शेवटी, ज्या वितरकामार्फत माल जाणार आहे त्याला नाव तोंडी सांगावे आणि त्याने काय ऐकले ते लिहून दाखवायला सांगावे. 'अमक्यांचाच माल का?' असा प्रश्न त्याने सहज विचारला, तर तो गोंधळाचा पहिला पुरावा समजावा.

वर्णनात्मक नाव घेतले तर कोणाशी भांडणच होणार नाही, असे म्हणतात. खरे आहे का?

अर्धे खरे आहे. 'ताजा फळांचा जॅम' यासारख्या नावाबद्दल सहसा कोणी अडवत नाही, कारण ते सर्वांनाच वापरता येते. पण त्यामुळेच त्याची नोंदणी होत नाही आणि उद्या शेजाऱ्याने तेच छापले तर तुम्हालाही त्याला अडवता येत नाही. प्रदेशाचे नाव घेताना आणखी एक अडचण येते. काही भौगोलिक नावे त्या प्रदेशातील ठरावीक मालासाठीच राखीव असतात. शॅम्पेन हे त्यातले सर्वांत परिचित. अशी नावे ट्रेडमार्कच्या रजिस्टरमध्ये नव्हे, तर भौगोलिक निर्देशांच्या स्वतंत्र यादीत पाहावी लागतात.

मिळतेजुळते नाव सापडले. आता कोणते मार्ग आहेत?

छपाई झालेली नसेल तर नाव बदलणे हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त मार्ग असतो. म्हणूनच सुरुवातीपासून दोन-तीन पर्यायी नावे हाताशी ठेवून सर्वांचा शोध एकदम घ्यावा. एकाच नावात जीव गुंतला की निकालांकडे तटस्थपणे पाहता येत नाही.

बदलायचे नसेल तर आधीच्या मालकाकडून लेखी संमती मागता येते. अशा पत्रात कोण कोणता माल, कोणत्या रूपात आणि कोणत्या प्रदेशात विकणार हे स्पष्ट असावे, आणि ते पत्र आपले कार्यालय मान्य करते का हे आधी पाहावे. प्रत्येक देशाची भूमिका सारखी नाही. मात्र संमती मागणे म्हणजे आपण आहोत हे त्याला कळवणे, हे ध्यानात ठेवून आधी सल्ला घ्यावा. तिसरा मार्ग, आधीचे चिन्ह वर्षानुवर्षे वापरात नसेल तर ते रद्द करून घेण्याचा. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारानुसार, वापर ही अट असलेल्या देशांत सलग किमान तीन वर्षे वापर नसल्याखेरीज वापराअभावी नोंदणी रद्द करता येत नाही. अनेक देशांनी हा काळ पाच वर्षांचा ठेवला आहे. ही कार्यवाही लांबते. पुढच्या महिन्यात माल काढायचा असणाऱ्याने या मार्गावर भिस्त ठेवू नये.

सर्व काही तपासले आणि काहीच सापडले नाही. आता निर्धास्तपणे छापावे का?

एक फट उरते. पॅरिस करारानुसार एका सदस्य देशात अर्ज केलेल्याला सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज करून पहिल्या अर्जाचीच तारीख मागता येते. म्हणजे आज आपल्या रजिस्टरमध्ये नसलेले नाव चार महिन्यांनी आपल्या आधीची तारीख घेऊन येऊ शकते. शिवाय नवे अर्ज डेटाबेसमध्ये दिसायला काही काळ जातो.

ही फट पूर्ण बुजवता येत नाही, पण क्रम नीट ठेवून नुकसान आटोक्यात ठेवता येते. आधी शोध घ्यावा, मग लगेच अर्ज करावा आणि छपाईची ऑर्डर अर्जानंतर द्यावी. अंतिम प्रूफला होकार देण्याच्या आदल्या दिवशी मुख्य शोध पुन्हा एकदा घ्यावा, कारण पहिल्या शोधानंतर आर्टवर्कमध्ये अनेकदा आठवडे निघून गेलेले असतात. आणि पहिले काही महिने कोरे पाउच किंवा नाव नसलेली बाटली घेऊन त्यावर डिजिटल छपाईचे लेबल चिकटवावे. प्रति नग ते महाग पडते, पण सिलिंडर कोरण्याचा खर्च पुढे ढकलला जातो आणि हरकतींचा काळ तोवर काही अंशी सरून जातो.

अर्ज केल्यावर पॅकवर कोणते चिन्ह छापता येते?

नावापुढे ™ छापण्यासाठी सहसा नोंदणी लागत नाही. ® मात्र नोंदणी झाल्यानंतरच छापावे. नोंदणीआधी ते छापणे अनेक देशांत गुन्हा आहे. लेबलाचा तयार साचा वापरणारे डिझायनर ते चिन्ह सवयीने टाकतात, तेव्हा प्रूफ तपासताना त्याकडे मुद्दाम पाहावे.

वकिलाची गरज केव्हा असते? आणि त्याच्याकडे काय घेऊन जायचे?

वर सांगितलेला पहिला शोध उत्पादकाला स्वतः घेता येतो आणि त्याने तो घ्यावाच, कारण निम्मी नावे तिथेच बाद होतात आणि त्यासाठी कोणाला शुल्क द्यावे लागत नाही. 'नवपर्णा' सारख्या निकालासाठी वकील लागत नाही. तो लागतो 'पर्ण' आणि `NEW LEAF` यांसारख्या मधल्या निकालांसाठी, संमतीपत्रासाठी आणि मोठ्या प्रमाणावरील छपाईपूर्वी, जेव्हा फीपेक्षा सिलिंडरचा खर्च कितीतरी जास्त असतो.

जाताना शोधाची टाचणे न्यावीत: कोणत्या तारखेला, कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणती अक्षरे टाकली, कोणते वर्ग निवडले आणि त्या पानांचे स्क्रीनशॉट. बाजूला ठेवलेल्या प्रत्येक नावापुढे ते का सोडले याचे एका ओळीत कारण लिहावे. पुढे वाद झालाच तर आपण नाव प्रामाणिकपणे निवडले होते हे दाखवायला हीच कागदपत्रे उपयोगी पडतात. मात्र एखादे जवळचे नाव दिसूनही तसेच पुढे गेल्याची नोंद त्याच कागदांत असेल, तर ती उलटही वापरली जाऊ शकते, म्हणून अशा नावाबद्दलचा निर्णय सल्ला घेऊन लेखी करून ठेवावा.